वाळूत भाजलेल्या शेंगा वरून काळ्या, आतून कच्च्या: कुठं चुकतंय?

औशाची लेक
नमस्कार मंडळी. माहेरहून भावानं अर्धं पोतं भुईमुगाच्या शेंगा पाठवल्यात. चांगल्या वाळलेल्या आहेत, कानाजवळ हलवली की दाणा वाजतो. लहानपणी वडील आठवडी बाजारातून येताना भट्टीवरच्या गरम शेंगांची पुडी आणायचे, तशा घरी करून लेकरांना द्याव्यात असं मनात आहे. पण दोनदा फसले.

पहिल्यांदा लोखंडी कढईत दोन किलो नदीची वाळू घेतली, मोठ्या शेगडीवर पूर्ण आच ठेवली, वाळू चांगली तापल्यावर अर्धा किलो शेंगा टाकल्या आणि उलथन्यानं हलवत राहिले. पाच-सहा मिनिटांतच टरफलांवर काळे डाग पडले आणि करपल्याचा वास यायला लागला, म्हणून काढल्या. फोडून बघितलं तर दाणा एका अंगानं तांबूस आणि मध्ये पांढराफटक. तोंडात हिरवट, कच्च्या दाण्याची चव.

दुसऱ्यांदा भीतीनं आच अगदी बारीक केली आणि वीस-पंचवीस मिनिटं भाजल्या. करपल्या नाहीत, पण खमंगपणा कुठंच नाही. दाणा चिवट झाला, नुसता वाळवल्यासारखा.

वाळू किती तापवायची, किती वेळ, आणि कढईतून कधी काढायच्या हे कसं ओळखायचं? संक्रांतीच्या आत जमलं तर बरं होईल.

पाथरीचा गडी
ताई, वाळूच्या भानगडीत पडूच नका. आमच्याकडं आता हरभरा घाट्यावर आलाय, आम्ही काल बांधावरच हुळा केला. वाळलेल्या गवताचा आन् तुराट्यांचा जाळ करायचा, त्याच्यावर ढाळे आडवे टाकायचे आन् काठीनं उलटेपालटे करायचे. पाला चरचर जळून जातो, घाटे काळे पडतात, एखादा फट्‌कन फुटतो. दोन-तीन मिनिटांचं काम. मग जाळ विझवून घाटे त्याच गरम राखंत आणखी दोन मिनिटं दाबून ठेवायचे. वरून कोळसा दिसला तरी आतला दाणा हिरवागार आन् मऊ निघतो. तुमचं काळं टरफल बघून घाबरायचं काही कारण नाही, काळं व्हायलाच पाहिजे.

औशाची लेक
दादा, हुळ्याचं वाचून तोंडाला पाणी सुटलं. येळवशीला शेतात गेलो होतो तेव्हा आमच्या हरभऱ्याला घाटे नुकते धरत होते. पण माझा प्रश्न वाळलेल्या शेंगांचा आहे. काळं टरफल चाललं असतं, पण आत दाणा कच्चाच राहतोय.

फुटाणेवाला उदगीर
आच मोठीच पाहिजे, त्यात तुमचं चुकलेलं नाही. भट्टीवर वाळू इतकी तापवतात की तिच्याकडं हात नेता येत नाही. चणे टाकले, दहा-पंधरा सेकंद झाऱ्यानं हलवले, चाळले, झालं. फुटाणा तडतडून फुलतो तो त्या आचेमुळंच. तुम्ही वाळू आणखी तापवा आणि शेंगा दोन मिनिटांत काढा, म्हणजे करपायला वेळच मिळणार नाही. अन् शेंगा आदल्या रात्री मिठाच्या पाण्यात भिजवून ठेवा, भट्टीवाले चणेसुद्धा ओलवूनच घेतात. त्यानं आत मीठ जातं आणि दाणा करपत नाही.

मांजराकाठ
वरची दोन्ही उत्तरं वाचून लिहायला बसलोय. वडिलांची आठवडी बाजारात भट्टी होती, त्यांच्या हाताखाली आणि नंतर एकट्यानं मिळून अठरा वर्षं मी वाळूत शेंगा आणि चणे भाजलेत. म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

उदगीरचे भाऊ चण्याचं बोलतायत ते बरोबर आहे. पण चण्याला वाळू थेट दाण्याला लागते. शेंगेत टरफल आहे, टरफलाच्या आत पोकळी आहे, त्या पोकळीत हवा आहे आणि मग दाणा आहे. हवेतून उष्णता फार सावकाश जाते. वाळू चण्याइतकी कडक ठेवली तर दोन मिनिटांत टरफल जळतं आणि दाण्याला अजून खबरही नसते. ताईंच्या पहिल्या घाण्यात हेच झालं. दाणा जिथं टरफलाला टेकलेला होता ते अंग तांबूस झालं, बाकीचा कच्चा राहिला.

पाथरीच्या दादांचा हुळा ह्याच्या बरोबर उलटा. हिरव्या घाट्यात पाणी भरलेलं असतं. जाळ लागला की त्याच पाण्याची वाफ होऊन दाणा आतल्या आत शिजतो. तिथं दाणा शिजवायचाय, म्हणून झटपट जाळ चालतो. वाळलेल्या शेंगेत शिजवायला पाणीच नाही. तिथला दाणा भाजायचाय, म्हणजे आतपर्यंत तापून त्याला रंग आणि वास यायला हवा. त्याला मध्यम आच आणि वेळ दोन्ही लागतात. बारीक आचेवर दाणा वाळत राहतो पण रंग धरायच्या तापमानाला पोचतच नाही. ताई, तुमचा दुसरा घाणा असा चिवट झाला.

आता मूळ चूक. आच तर होतीच, पण त्याहून मोठी चूक वाळू आणि शेंगांच्या मापात आहे. वजनावर जाऊ नका. शेंगा हलक्या, अर्धा किलो म्हणजे पावणेदोन-दोन लिटरचा डबा भरतो. दोन किलो वाळू सव्वा लिटरच्या आसपास भरते. म्हणजे शेंगा जास्त आणि वाळू कमी! निम्म्या शेंगा वाळूच्या बाहेर हवेत होत्या आणि ज्या खाली होत्या त्या थेट कढईच्या तळाला टेकून जळत होत्या. शेंग वाळूत पुरली गेली पाहिजे. घरच्या कढईत पाव किलो शेंगांना तीन किलो वाळू घ्या. त्याहून जास्त एका वेळी घालायचा मोह नको, दोन घाणे करा.

ढवळायचं कसं हेही सांगतो, कारण ह्यात बहुतेक जण चुकतात. कढईत नुसता झारा गोल गोल फिरवला की शेंगा वर येऊन बसतात आणि वाळू त्यांच्या खालून निसटते. मोठी आणि हलकी वस्तू वाळूत हलवली की वरच येते. म्हणून झारा कडेनं तळाला घालायचा, तळाची तापलेली वाळू उचलायची आणि वर आलेल्या शेंगांवर ओतायची. शेतात खोऱ्यानं माती ओढतो तशी. वर शेंगा दिसायला लागल्या की समजायचं, हात चुकतोय. आणि हात थांबवायचा नाही. वाळू उष्णता पटकन पुढं देत नाही, त्यामुळं क्षणभर थांबलं तरी तळ तापत जातो आणि वरचा थर थंड राहतो.

भिजवण्याचं म्हणाल तर खारे शेंगदाणे करायला शेंगा मिठाच्या पाण्यात भिजवतात हे खरं. पण त्यानंतर त्या पूर्ण वाळवाव्या लागतात. ओल्याच शेंगा तापल्या वाळूत घातल्या तर वाळूची सगळी गरमी पाणी उडवण्यात जाते, वाळू टरफलाला चिकटून बसते आणि वाफेनं गरम कण अंगावर उडतात. घरात तर अजिबात करू नका.

गोदाकाठ नांदेड
मी हे मोजून बघितलं आहे म्हणून लिहितो. माझ्याकडं लांबून तापमान दाखवणारी बंदूक आहे. पॉपकॉर्नचा मका साधारण १८० अंशाला फुटतो, शेंगांना त्याच्या थोडं खालीच हवं. मी वाळू १६० अंशावर आणली, शेंगा टाकल्या आणि मांजराकाठ म्हणतात तशा मध्यम आचेवर भाजल्या. तरी करपल्या. म्हणजे आपल्या मापात काही तरी गडबड आहे का?

मांजराकाठ
बंदूक कुठं रोखली होती? ती वरच्या थराचंच तापमान दाखवते. ढवळायचं थांबवून दोन-तीन मिनिटं वाळू शेगडीवर ठेवा, मग खालची वाळू झाऱ्यानं वर काढून लगेच मोजा.

गोदाकाठ नांदेड
आत्ताच करून बघितलं. वर १६२, तळातून उपसलेली वाळू २४०च्या पुढं. आधी मी वाळू न ढवळताच तापवत होतो. आता एक मिनिट सलग वरखाली करून मोजतो, तेव्हा कुठं आकडा एक ठिकाणी थांबतो.

मांजराकाठ
हेच. ज्यांच्याकडं बंदूक नाही त्यांनी आमची जुनी रीत वापरा. वाळू चांगली वरखाली करून मूठभर ज्वारीतले पाच-सहा दाणे टाका. टाकल्या टाकल्या फटाफट लाह्या फुटल्या तर वाळू शेंगांसाठी फार कडक आहे. आच कमी करून दोन-तीन मिनिटं ढवळा आणि परत बघा. दाणे न फुटता हळूहळू तांबूस व्हायला लागले की शेंगा टाका.

शाळूवाली बीड
एक अडचण सांगते. माझ्या घरच्या शाळूच्या लाह्या फुटतच नाहीत, कितीही तापवा. नागपंचमीला आम्ही लाह्यांची ज्वारी वेगळी आणतो. मग ही परीक्षा फसणार ना?

मांजराकाठ
फसेल, बरोबर आहे तुमचं. सगळी ज्वारी फुलत नाही. लाह्यांचीच ज्वारी किंवा पॉपकॉर्नचा मका घ्या. तो जुना आणि कोरडा ठक्क झालेला नको, तोही फुटत नाही.

नळदुर्गची सून
मला तर शेंगा नव्हे, तिळगुळासाठी सोललेले शेंगदाणे भाजायचेत. घरात वाळू नाही आणि अन्नात वाळू घालायची सासूबाईंना पटत नाही. मी जाड मीठ वापरते. कढईत एक किलो मीठ, त्यात पाव किलो दाणे. चार-पाच मिनिटांत होतात, तळाला डाग पडत नाहीत. मीठ तडतडतं सुरुवातीला, पण नंतर शांत होतं. हे चालेल ना शेंगांनाही?

मांजराकाठ
दाण्यांना चांगलं. तडतडतं ते खड्यात अडकलेलं पाणी असतं, म्हणून मीठ आधी एकटंच तापवून घ्या. शेंगांना मात्र मी वाळूच घेईन. शेंगा पुरायला मीठ फार लागतं. वाळूची भीती सोलल्यावर राहत नाही, टरफल बंद असतं. फुटकी शेंग तेवढी आधीच बाजूला काढायची, तिच्यात कण शिरतात आणि दाताखाली येतात.

औशाची लेक
वाळूबद्दल एक विचारायचं राहिलं. मी घेतलेली वाळू शेजारच्या बांधकामावरून आणलेली होती. चालते का?

मांजराकाठ
नदीची असेल तर चालते, पण आधी तयार करावी लागते. आता बांधकामावर बऱ्याचदा दगडाची चुरी असते. तिचे कण टोकदार आणि धूळ फार, ती नको. नदीची वाळू गव्हाच्या चाळणीनं चाळून खडे काढा, मग पिठाच्या चाळणीनं चाळून खालची माती टाकून द्या. मधली, रव्याहून जाड आणि साबुदाण्याहून बारीक अशी ठेवा. पाणी नितळ येईपर्यंत धुवा, उन्हात वाळवा आणि पहिल्यांदा रिकामीच अर्धा तास तापवा. त्यात मातकट वास असेल तो निघून जातो. तीच वाळू पुढं वर्षभर वापरता येते. घाण्यागणिक काळपट होते, त्यानं बिघडत नाही. टरफलाचा चुरा मात्र दरवेळी चाळून काढा, तो पुढच्या घाण्यात जळतो आणि शेंगांना धुरकट वास लागतो.

पाथरीचा गडी
मव्हं आधीचं उत्तर चुकीच्या प्रश्नाला होतं, ताई. पण एक विचारतो. आम्ही सुगीत उपटलेल्या ओल्या शेंगा थेट आरात टाकतो, गोवऱ्यांच्या. तिथं तर वाळूबिळू काही लागत नाही, आन् चव लई भारी येते. दहा मिनिटं लागतात.

मांजराकाठ
दादा, ओली शेंग म्हणजे तुमचा हुळाच झाला. तिच्यात पाणी आहे, ती वाफेवर शिजते. फक्त लाल निखाऱ्यावर नको, राख धरलेला आर घ्या आणि शेंगा त्या फुफाट्यात पुरा.

गंगाखेडची आत्या
ह्यात मी थोडं वेगळं सांगते. आम्ही ओल्या शेंगा आधी धुऊन टोपलीत तासभर निथळत ठेवतो. माती लागलेली शेंग आरात टाकली तर माती पक्की बसते, सोलताना हात आणि दाणा दोन्ही मळतात. चाळीस वर्षं असंच करत आलेय.

पाथरीचा गडी
आत्या, धुतलेल्या शेंगेला मातीचा तो वास राहत नाही. आम्ही नुसत्या झटकतो.

मांजराकाठ
ह्यावर मी पडणार नाही, दोन्ही प्रकार खाल्लेत आणि दोन्ही आवडलेत. एवढंच सांगतो, धुतल्यावर निथळू दिल्या नाहीत तर आर विझतो.

औशाची लेक
आज केल्या. सगळं लिहून काढते, म्हणजे कुठं कमी पडलं ते सांगता येईल.

वाळू तीन किलो, सांगितली तशी चाळून-धुऊन. शेंगा पाव किलो. आधी ताटात पसरून निवडल्या. फुटक्या, पोचट आणि एकदाणी बारीक शेंगा वेगळ्या काढल्या. चार शेंगांच्या आत बुरशी दिसली, त्या फेकल्या. वाळू ढवळत तापवायला तेरा मिनिटं लागली. मक्याचा पहिला दाणा लगेच फुटला, म्हणून आच कमी करून तीन मिनिटं ढवळलं. दुसरे दाणे नुसते तांबूस झाले, तेव्हा शेंगा घातल्या. आच मध्यम.

पहिली दोन मिनिटं काहीच नाही. चौथ्या मिनिटाला ओलसर, कच्च्या टरफलाचा वास. सातव्या मिनिटाला एक शेंग फोडली, दाणा पांढराच, साल निघेना. नवव्या मिनिटाला वास बदलला, खमंगपणाची पहिली झाक आली. अकराव्या मिनिटाला फोडलेला दाणा फिकट पिवळसर, पण दातानं चावला तर मऊ! मला वाटलं कच्चा आहे, म्हणून आणखी ठेवल्या. तेराव्या मिनिटाला लोखंडी चाळणीत ओतल्या, वाळू खाली घमेल्यात. शेंगा चाळणीतच राहू दिल्या आणि लेकरांना बोलवायला गेले. दहा मिनिटांनी बघितलं तर दाणे कुरकुरीत, वासही बाजारातल्यासारखा, पण रंग गडद आणि चवीला किंचित कडवट.

पहिल्यांदा आतपर्यंत एकसारखा भाजलेला दाणा मिळाला. कडवटपणा कशानं आला?

मांजराकाठ
ताई, जमलंच आहे. दोन मिनिटं जास्त झाली एवढंच. गरम दाणा कधीच कुरकुरीत नसतो, तो मऊच लागतो, कुरकुरीतपणा गार झाल्यावर येतो. अकराव्या मिनिटाला तुमचा दाणा तयार होत आला होता. आमचे वडील परीक्षेची शेंग थंड दगडावर टाकून बिडी ओढायला लागत आणि ती अर्धी झाली की शेंग फोडत. तुम्ही दाणे काढून स्टीलच्या थंड ताटात दोन मिनिटं ठेवा आणि मग चावा.

शिवाय शेंग कढईतून निघाली तरी टरफलाच्या आतली गरमी तिला भाजतच राहते. चाळणीत ढीग करून ठेवल्या तर आणखीच. म्हणून दाणा हवा त्याहून एक छटा फिका असतानाच काढायच्या, लगेच चाळायच्या आणि चादरीवर एक थर पसरायच्या. साल अंगठ्यानं चोळल्यावर सुटायला लागली आणि टरफलाच्या आतला पांढरा पापुद्रा बदामी झाला की काढा. बाहेरच्या टरफलाच्या रंगावर जाऊ नका, तो वाळूच्या घासणीनंही बदलतो.

बुरशीच्या शेंगा फेकल्या ते फार चांगलं केलंत. भाजल्यानं बुरशीचं ते विष पूर्ण जात नाही, आणि शेजारच्या चांगल्या दिसणाऱ्या शेंगाही फोडून बघाव्यात.

शाळूवाली बीड
घमेल्यातल्या वाळूकडं लक्ष असू द्या. माझा पुतण्या शेंगा खाऊन झाल्यावर अर्ध्या तासानं त्यात हात घालायला गेला होता. वरून गार वाटते, आत धग तशीच असते.

गोदाकाठ नांदेड
एक प्रश्न मला अजून सुटलेला नाही. ताईंच्या शेंगा साध्या आकाराच्या असतील. माझ्याकडं लातूरच्या टीएलजी ४५ ह्या वाणाच्या आहेत, दाणा चांगला टपोरा. त्याच आचेवर, त्याच वेळेत काढल्या तर मध्यभागी थोडा पांढरा राहिला. वेळ वाढवावा की आच?

मांजराकाठ
वेळ. आच वाढवली की परत टरफलावर येतं. आमच्या भट्टीवर मोठा दाणा फार आला नाही, त्यामुळं मिनिटं किती वाढतील ते अंदाजानं सांगणार नाही. मोठ्या-बारीक शेंगा एका घाण्यात घालू नका एवढं पक्कं. बाराव्या मिनिटापासून दर मिनिटाला एक शेंग काढून गार करून फोडा आणि इथं लिहा.

औशाची लेक
दुसरा घाणा अकरा मिनिटांना काढला आणि जुन्या धोतरावर पसरला. लेकरांनी पातेलं रिकामं केलं. उद्या भिजवून वाळवलेल्या खाऱ्या शेंगा करून बघते. वाळवायला किती दिवस लागतील, उदगीरचे भाऊ?

फुटाणेवाला उदगीर
आमच्याकडं कडक उन्हात दोन दिवस. थंडीच्या उन्हात किती ते माहीत नाही, कानाजवळ हलवून दाणा परत वाजायला लागेपर्यंत ठेवा. मी वर वाळवण्याचं लिहायचं विसरलो होतो.